चिपचं कुलूप आणि कंपनीची सही

शेतातल्या विहिरीवरच्या मोटरपेटीत हल्ली एक छोटा डबा असतो. रात्री अडीचला वीज आली की शेतकऱ्याने गादीवरूनच मिस्ड कॉल द्यायचा आणि विहिरीवरची मोटर सुरू व्हायची. एक फेज गेला, विहिरीचं पाणी तळाला गेलं, व्होल्टेज घसरलं, तर हा डबा स्वतःच मोटर बंद करतो आणि तसा एसएमएस पाठवतो. बोर्डावर फार काही नसतं. एक मोबाइल मॉडेम, दोन रिले, करंट मोजायची सोय आणि मधोमध पन्नास-शंभर रुपयांची चिप. हे सुटे भाग कोणीही बाजारातून आणू शकतो. डब्याची खरी किंमत त्या चिपमधल्या फर्मवेअरची असते. किती सेकंद कमी करंट दिसला तर पाणी संपलं समजायचं, फेज परत आल्यावर किती वेळ थांबायचं, हे सगळं त्यात लिहिलेलं असतं आणि ते पाच-सहा पावसाळ्यांच्या तक्रारी ऐकून बसलेलं असतं.

समजा, भोसरीतल्या एका गाळ्यात असा डबा बनतो. एक दिवस मालकाकडे दुरुस्तीला डबा येतो. रंग वेगळा, नाव वेगळं, किंमत निम्मी. मालक सिम घालून चालू करतो, तर एसएमएस येतो आणि त्यात ‘मोटर’ या शब्दाचं स्पेलिंग चुकलेलं असतं. अगदी तसंच, जसं दोन वर्षांपूर्वी त्याच्याच हातून चुकलं होतं आणि पुढच्या आवृत्तीत त्याने दुरुस्त केलं होतं. चोरी ओळखण्याची याहून पक्की खूण नाही. कल्पना उचलणारा माणूस स्वतः लिहितो आणि स्वतःच्या चुका करतो. तुमचीच चूक तुम्हाला परत दिसली, तर फर्मवेअर जसंच्या तसं उचललं गेलं आहे.

ते उचलायला फारसं काही लागत नाही. अशा डब्यांत वापरल्या जाणाऱ्या एसटीएम३२ जातीच्या चिपला डीबगिंगसाठी दोन पाय दिलेले असतात, `SWDIO` आणि `SWCLK`. प्रोग्राम भरायचा आणि चुका शोधायच्या, त्या याच वाटेने. त्या दोन पायांना आणि ग्राउंडला तारा जोडल्या, काही शे रुपयांचा प्रोग्रामर लॅपटॉपला लावला, की कुलूप नसलेल्या चिपची पूर्ण फ्लॅश मेमरी काही सेकंदांत एका फाइलमध्ये उतरते. ती फाइल कोऱ्या चिपमध्ये भरली की दुसरा डबा तयार. आतलं एक अक्षरही समजून घ्यावं लागत नाही.

यावर चिप बनवणाऱ्याने दिलेला उपाय म्हणजे रीडआउट प्रोटेक्शन, आपण त्याला वाचनबंदी म्हणू. चिपमध्ये ऑप्शन बाइट नावाची वेगळी जागा असते. तिथल्या एका बाइटमध्ये `0xAA` असेल तर चिप उघडी, म्हणजे पातळी शून्य. `0xCC` असेल तर पातळी दोन, कायमची बंद. या दोन्ही सोडून इतर काहीही असेल तर पातळी एक. ही मांडणी विचारपूर्वक केलेली आहे. चुकून एखादा बिट उलटला तरी चिप उघडी पडत नाही, मधल्या बंद पातळीवर येते. (खूप खपलेल्या जुन्या एफ१ मालिकेत मात्र पातळी दोन नाहीच. ती चिप वापरणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.)

पातळी एकवर प्रोग्रामर जोडता येतो, पण फ्लॅश वाचता येत नाही. कुलूप काढून पुन्हा शून्यावर यायला परवानगी आहे, पण त्याआधी चिप आपली सगळी फ्लॅश स्वतः पुसून टाकते. चोराच्या हाती कोरी चिप लागते. मालकाला ही पातळी सोयीची वाटते, कारण दुरुस्तीला आलेल्या डब्याची चिप पुसून तो नवं फर्मवेअर भरू शकतो. पातळी दोनवर डीबगची वाट कायमची बंद होते. तुम्ही स्वतः, तुमचा कारागीर, कोणीही तिथून आत जाऊ शकत नाही. त्यानंतर फर्मवेअरमध्ये दोष निघाला आणि अपडेटची दुसरी वाट ठेवलेली नसेल, तर चिप उपटून नवी लावण्याखेरीज इलाज नाही. म्हणून बरेच जण पातळी एकवर थांबतात. त्याची किंमत काय पडते, ते पुढे येईलच.

हे कुलूप किती मजबूत आहे? २०१७ साली जर्मनीतल्या फ्राउनहोफर संस्थेतल्या दोन संशोधकांनी एसटीएम३२ च्या एफ० मालिकेवर केलेलं काम या धंद्यातल्या प्रत्येकाला माहीत असायला हवं. पातळी एकवर असलेल्या चिपला डीबगरने फ्लॅश वाचायला सांगितलं की ती स्वतःला अडकवून घेते आणि मग रीसेट केल्याशिवाय काही बोलत नाही. त्यांच्या लक्षात आलं की हे अडकणं क्षणभर उशिरा घडतं. रीसेटनंतर लगेच, नेमक्या वेळी, एकच वाचन मागितलं तर चार बाइट निसटून बाहेर येतात. मग चिप अडकते. वीज काढायची, पुन्हा द्यायची, पुढचे चार बाइट. ६४ किलोबाइटची फ्लॅश असेल तर अशा १६,३८४ फेऱ्या. माणसाला हे अशक्य वाटेल, पण यंत्राला लावून दिलं की ते करत राहतं. शेवटी पूर्ण फर्मवेअर हातात येतं आणि चिपवर ओरखडासुद्धा उठत नाही.

मग चिप पातळी दोनवर असेल तर? त्यांनी चिपचं काळं कवच आम्लाने उघडलं आणि आतल्या सिलिकॉनवर अतिनील किरण सोडले. फ्लॅशमधले बिट अशा प्रकाशात शून्याचे एक होतात. `0xCC` चं रूप बिघडलं की ती किंमत ‘इतर काहीही’ या वर्गात जाते, म्हणजे पातळी एक. आणि पातळी एकवरची फट तर आधीच सापडलेली होती. बिट बिघडला तर मधल्या पातळीवर या, हा मघाचा शहाणा नियमच इथे वरचं कुलूप उघडायला उपयोगी पडला.

पुढच्या मालिकांमध्ये चिप बनवणाऱ्यांनी बरंच सुधारलं आहे आणि प्रत्येक फट प्रत्येक चिपमध्ये नसते. तरीही माझं मत ठाम आहे: वाचनबंदीमुळे चोराचा खर्च वाढतो, वेळ वाढतो, आणि काही शे रुपयांत होणारं काम प्रयोगशाळेकडे जातं. निम्म्या किमतीत डबा विकणाऱ्याला एवढं पुष्कळदा परवडत नाही, म्हणून कुलूप लावलंच पाहिजे. पण कधीतरी एक चिप उघडलीच जाईल असं धरून पुढची रचना करायला हवी. त्या एका चिपमधून जे मिळेल, त्याने बाकीचे दहा हजार डबे धोक्यात येता कामा नयेत.

आणि कुलूप लावूनही दार उघडं राहण्याची एक साधी तऱ्हा आहे. चिप बंद असते, पण नव्या फर्मवेअरची `.bin` फाइल मालक स्वतःच तालुक्याच्या डीलरला व्हॉट्सअॅपवर पाठवतो, ‘ही डब्यात टाका’ म्हणून. आम्ल नको, प्रकाश नको. ती फाइल म्हणजेच चिपमधला सगळा मजकूर. वाचनबंदीचा उपयोग तेव्हाच, जेव्हा बाहेर जाणारी अपडेटची फाइलही कूटबद्ध असते आणि फक्त डब्यातच उलगडते.

आता दुसरा प्रश्न. वाचनबंदी आतलं बाहेर जाऊ देत नाही. बाहेरचं आत येताना काय? डबा मोबाइल नेटवर्कवरून अपडेट घेतो. कोणी त्या वाटेत आपली फाइल घुसवली, पाणी संपल्याची मर्यादा ठरवणारा एक बाइट बदलला, तर मोटर कोरडी फिरत राहील आणि वाइंडिंग जळेल. शेतकऱ्याचे काही हजार रुपये आणि पाण्याची एक पाळी जाईल, आणि बोल मूळ कंपनीला लागेल.

पुष्कळ ठिकाणी यावर फक्त चेकसम लावलेला असतो. फाइलचं गणित करून एक आकडा काढायचा, तो फाइलच्या शेवटी जोडायचा, आणि डब्याने तेच गणित करून ताडून बघायचं. वाटेत नेटवर्कने फाइल बिघडवली तर हे कळतं. पण मुद्दाम बिघडवणारा माणूस बाइट बदलून नवा आकडाही स्वतःच काढतो आणि जोडतो. ते गणित गुप्त नसतं. एसएचए-२५६ सारखं पक्कं गणित वापरलं तरीही तेच. ३२ बाइटचा तो ठसा फाइलची ओळख सांगतो, ती कोणी पाठवली ते सांगत नाही.

ते सांगायला सही लागते. इथे किल्ल्यांची जोडी असते. गुप्त किल्ली कारखान्यात राहते आणि तिनेच सही करता येते. उघडी किल्ली प्रत्येक डब्यात असते आणि तिने सही फक्त तपासता येते. उघड्या किल्लीवरून गुप्त किल्ली काढणं व्यवहारात अशक्य. या गोष्टीचं महत्त्व थोडं थांबून पाहू. कोणी आमचा डबा फोडला, आम्ल ओतलं, चिपमधला प्रत्येक बाइट वाचला, तरी त्याला सही करता येणार नाही, कारण सही करण्याची ताकद डब्यात कधी गेलीच नव्हती. वाचनबंदी तुटली तरी सही तुटत नाही.

प्रत्यक्षात हे कसं चालतं, ते एमसीयूबूट या मुक्त बूटलोडरच्या उदाहरणाने बघू. बूटलोडर म्हणजे वीज आल्यावर सगळ्यांत आधी चालणारा छोटा प्रोग्राम. कारखान्यात एकदाच किल्ली बनवायची आणि मग प्रत्येक आवृत्तीवर सही करायची:

```
imgtool keygen -k pump.pem -t ecdsa-p256
imgtool sign -k pump.pem --version 1.4.2 \
  --header-size 0x200 --pad-header --align 8 \
  --slot-size 0x20000 app.bin app-signed.bin
```

दुसरी आज्ञा फाइलच्या सुरुवातीला आवृत्तीचा क्रमांक असलेलं शीर्ष लावते आणि शेवटी ठसा व सही जोडते. डब्यातल्या फ्लॅशचे १२८ किलोबाइटचे दोन कप्पे केलेले असतात. चालू फर्मवेअर पहिल्यात. मोबाइलवरून आलेली नवी फाइल दुसऱ्यात साठते आणि तोवर मोटरचं काम जुन्यावर सुरूच राहतं. मग डबा रीसेट होतो. बूटलोडर दुसऱ्या कप्प्यातल्या फाइलचा ठसा स्वतः काढतो आणि स्वतःजवळच्या उघड्या किल्लीने सही तपासतो. जुळली तरच कप्प्यांची अदलाबदल होते. नाही जुळली तर ती फाइल दूर सारली जाते आणि जुनं फर्मवेअर पुन्हा सुरू होतं. अदलाबदलीनंतरही नव्या फर्मवेअरला ‘मी नीट उभा राहिलो’ अशी नोंद स्वतः करावी लागते. ती झाली नाही, तर पुढच्या रीसेटला जुनं परत येतं. ग्रामीण भागात अपडेटच्या मधोमध वीज जाणं हा अपवाद नव्हे. म्हणून ही सोय माझ्या लेखी सहीइतकीच महत्त्वाची आहे.

सही आणि साधी सामायिक गुप्त किल्ली यांत फरक काय, हे २०१६ मध्ये फिलिप्स ह्यू या स्मार्ट दिव्यांनी जगाला दाखवलं. प्रसिद्ध कूटशास्त्रज्ञ आदी शामीर आणि त्यांच्यासोबतच्या तिघांनी ते काम केलं. दिव्यांची अपडेट फाइल कूटबद्ध होती, तिची तपासणीही होत होती. पण फाइल बंद करणारी, उघडणारी आणि खरी ठरवणारी किल्ली एकच होती, आणि त्या प्रकारच्या सगळ्या दिव्यांत तीच होती. फाइल तपासू शकणारा प्रत्येक दिवा म्हणजे फाइल खरी ठरवण्याची पूर्ण ताकद बाळगणारा दिवा. संशोधकांनी किल्ली मेमरीतून वाचलीच नाही. दिवा फाइल उलगडत असताना त्याची चिप किती वीज ओढते, त्यातले बारीक चढउतार मोजून त्यांनी किल्ली काढली. लागलेल्या साहित्याचा खर्च काही शे डॉलर. मग त्यांनी स्वतः बनवलेलं फर्मवेअर दिव्यांनी खरं म्हणून स्वीकारलं. दिव्यांच्या रेडिओतली आणखी एक चूक वापरून ते एका दिव्यातून शेजारच्या दिव्यात पसरू शकेल, हेही त्यांनी दाखवलं, आणि ड्रोनवर यंत्र बांधून इमारतीबाहेरून दिव्यांचा ताबा घेतला. कंपनीला आधी कळवलं होतं, तिने पसरण्याची वाट अपडेट देऊन बंद केली. पण मुळातली चूक रचनेत होती. तिथे उघड्या-गुप्त किल्लीची जोडी असती, तर एका दिव्यातून हाती लागलेल्या गोष्टीने दुसऱ्या दिव्याला फसवता आलं नसतं.

भोसरीच्या मालकाने हे सगळं केलं असं धरू. आता त्याची नक्कल होऊ शकते का? इथे सगळ्यात जास्त गैरसमज आहे. सही नक्कल रोखत नाही. चिपमधून जसंच्या तसं उचललेलं फर्मवेअर अस्सल सहीसकट उचललं जातं, आणि ते कोऱ्या चिपमध्ये बिनतक्रार चालतं. बूटलोडर सही बघतो, तर सही खरीच असते. बदललेली प्रत नाकारली जाते, हुबेहूब प्रत नाही.

हुबेहूब प्रत नाकारायची तर फर्मवेअरला त्या एका चिपशी बांधावं लागतं. एसटीएम३२ च्या प्रत्येक चिपमध्ये कारखान्यातच कोरलेला ९६ बिटचा क्रमांक असतो. डबा तयार होताना मालक तो वाचतो, त्या क्रमांकावर आपल्या गुप्त किल्लीने सही करतो आणि ती डब्यात साठवतो. फर्मवेअर सुरू होताना चिपचा क्रमांक आणि ती सही जुळते का बघतं. दुसऱ्या चिपचा क्रमांक वेगळा, त्यामुळे नुसती उतरवलेली प्रत तिथे चालत नाही. हेही अभेद्य नाही. हाती पूर्ण फर्मवेअर असलेला जाणकार ती तपासणी शोधून काढून टाकू शकतो, कारण त्याच्या स्वतःच्या चिपवर त्याला अडवणारा बूटलोडर नसतो. पण मग आतला कोड वाचून समजून घ्यावा लागतो, आणि निम्म्या किमतीत विकणाऱ्याला नेमकं तेच टाळायचं असतं. शिवाय ही तपासणी एकाच ठिकाणी, सुरुवातीलाच न ठेवता, मोटर चालू झाल्यावर काही दिवसांनीही केली, तर प्रत ‘चालते’ असं समजून विकणाऱ्याची फजिती होते. मात्र नकली डब्यालाही मोटर सुरक्षितपणे बंदच करू द्यावी. चोरावर राग काढताना शेतकऱ्याची मोटर जाळायची नाही.

आता मघाशी बाजूला ठेवलेला मुद्दा. पातळी एकवर चिप पुसून नवं फर्मवेअर भरता येतं. म्हणजे डबा हातात असलेला कोणीही चिप पुसून, तुमचा बूटलोडरच काढून टाकून, आपला प्रोग्राम भरू शकतो. उघडी किल्ली गुप्त ठेवायची गरज नाही, पण ती कोणाला बदलता येता कामा नये. हे थांबवायला पातळी दोन लागते. आणि पातळी दोन परवडते ती सही असलेल्या अपडेटची भरवशाची वाट आधी तयार असेल तरच, कारण त्यानंतर डब्यात शिरायला तीच एक वाट उरते. ही दोन्ही कामं अशी एकमेकांत गुंतलेली आहेत.

सही लावूनही लोक फसतात ते बहुतेक तीन ठिकाणी. एमसीयूबूटसोबत सरावासाठी नमुन्याच्या किल्ल्या मिळतात आणि त्यांच्या गुप्त किल्ल्याही सगळ्या जगाला उपलब्ध आहेत. त्याच किल्लीने सही करून माल बाजारात गेला, तर सहीला काही अर्थ नाही. दुसरं, जुनी आवृत्ती. १.२ मध्ये सुरक्षेचा दोष होता आणि १.४ मध्ये तो काढला, तरी १.२ वरची सही अजून खरीच आहे. कोणी ती फाइल जपून ठेवून परत भरली, तर दोष परत आला. म्हणून बूटलोडरने खालची आवृत्ती नाकारली पाहिजे, आणि ती सोय मुद्दाम चालू करावी लागते. तिसरं, `pump.pem` ही फाइल कुठे आहे? बहुतेक ठिकाणी कोड लिहिणाऱ्या मुलाच्या लॅपटॉपवर असते. तो नोकरी सोडून गेला आणि किल्ली त्याच्यासोबत गेली, तर प्रश्न दोन: ती कोणाच्या हाती लागेल, आणि उद्या तुम्ही सही कशाने करणार? किल्ली हरवली की विकलेल्या दहा हजार डब्यांना पुन्हा कधी अपडेट देता येत नाही. नेटला न जोडलेल्या एका संगणकावर ती ठेवावी, आणि दोन पेनड्राइव्हवरच्या प्रती दोन वेगळ्या ठिकाणी बंद असाव्यात.

तपासायला एक दुपार पुरते. विक्रीसाठी तयार असलेल्या ढिगातला एक डबा उचला आणि त्याला प्रोग्रामर लावा:

```
STM32_Programmer_CLI -c port=SWD -ob displ
STM32_Programmer_CLI -c port=SWD -r32 0x08000000 16
```

पहिल्या आज्ञेत वाचनबंदीची किंमत दिसते. `0xAA` दिसली, तर उत्पादनाच्या टेबलावर कुलूप लावायचं राहून गेलं आहे, आणि हे फार वेळा होतं. दुसऱ्या आज्ञेने काहीही वाचता येता कामा नये. पातळी दोन असेल तर जोडणीच नाकारली जाते, तेच बरोबर उत्तर. मग सही केलेल्या फाइलमधला मधला एक बाइट हेक्स एडिटरने बदला आणि नेहमीच्या वाटेने डब्याला पाठवा. नंतर दुसऱ्याच किल्लीने सही केलेली फाइल पाठवा. त्यानंतर मागची जुनी आवृत्ती. तिन्ही वेळा डब्याने जुन्यावरच उभं राहून मोटर चालवली पाहिजे. शेवटी खरी फाइल पाठवा आणि अपडेटच्या मधोमध प्लग उपटा.

या पाचांपैकी एकही चाचणी फसली, तर तो ढीग गाडीत चढवू नका.